नाव नंतर कळवू

जन्माच्या नोंदीचा छापील नमुना ज्याने पहिल्यांदा तयार केला, त्याच्या घरी आजी, मावश्या आणि आत्या भरपूर असाव्यात असा माझा कयास आहे. एरवी सरकारी कागद सगळं हक्काने मागतो. जन्मतारीख मागतो, मुलगा की मुलगी ते मागतो. पण त्या खालच्या रकान्यात आलं की त्याचा सूर एकदम नरमतो. बाळाचं नाव, ‘असल्यास’. आणि नाव ठेवलं नसेल तर जागा कोरी सोडा, अशी समजूतदार सूचना. एवढी सवलत सरकारने आईवडिलांना दुसऱ्या कशाची दिल्याचं मला आठवत नाही.

सवलतीला कारणही आहे. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर द्यायची जबाबदारी आईबापांची नसते, दवाखान्याची असते, आणि ती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. बाळंतपण सरळ झालं तर बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. तिला सोडताना सिस्टर फॉर्म पुढे करून विचारतात, ‘‘नाव काय ठेवलं?’’ आता तिसऱ्या दिवशी आपल्याकडे कुणाचं नाव ठरलेलं असतं? सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणार, बारसं बाराव्या दिवशी, आणि त्या दिवशी आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितल्याशिवाय नाव म्हणजे नुसती अफवा. तेव्हा बाप मान हलवतो, ‘‘नंतर कळवू,’’ आणि रकाना कोरा राहतो. आमच्या पालघर जिल्ह्यात याला अपवाद शोधायचा तर पूर्वीच्या वारली पाड्यांवर जायला हवं. तिथे सोमवारी झाला तो सोम्या, बुधवारची ती बुधी. नाव कॅलेंडरबरोबरच येत असे, पंचांगवाल्याची वाट बघायला नको.

माझ्या भाचीच्या लेकीचं नाव असंच ‘नंतर’मध्ये अडकलं. भाचीचं सासर बोईसरचं, माहेर आमचं, म्हणजे पालघरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम कुठल्याही कायद्यात नसला तरी सगळ्या कायद्यांहून जुना. त्यामुळे मुलगी पालघरच्या एका खासगी दवाखान्यात झाली, २०२३च्या दिवाळीनंतर. दवाखान्याने वेळेत खबर दिली, नोंद झाली, दाखलाही घरी आला. दाखल्यावर आईचं नाव होतं, बापाचं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तिच्या नावापुढे पांढरी जागा.

बारसं झालं नाही असं नाही. झालं, आणि जोरात झालं. पण व्याहीबुवांच्या गुरुजींनी नक्षत्राच्या चरणावरून एक अक्षर काढून दिलं होतं, भाचीच्या मनात पहिल्या महिन्यापासून दुसरंच नाव होतं, आणि आत्याबाईंनी पाळण्यात वाकून कानात जे सांगितलं ते तिसरंच निघालं. पाठीवर थापा पडल्या, पेढे वाटले गेले आणि त्या क्षणापासून त्या घरात तीन पक्ष झाले. मूल मात्र कुठल्याही हाकेला ओ देत होतं. त्याचं सगळ्यांशी पटत होतं. लसीकरणाच्या कार्डावर ते ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असं होतं, घरात ‘चिऊ’ होतं, आणि शासनदरबारी ते काहीच नव्हतं. आधार कार्ड काढायचं तर नाव कुठलं घालायचं, म्हणून तेही राहिलं.

शेवटी निर्णय नातेवाइकांनी नाही, वेळेने घेतला. बालवाडीत घालायची वेळ आली आणि शाळेने जन्मदाखला मागितला. पूर्वी अशा वेळी प्रतिज्ञापत्र करून, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवून कुठे कुठे निभावून जात असे. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ला लागू झाली आणि त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळेचा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, आधार, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा दाखलाच धरला जाऊ लागला. आमची चिऊ त्या तारखेनंतर काही आठवड्यांतच आलेली. दाखला खरा, शिक्का खरा, पण हा दाखला या मुलीचाच आहे हे दाखला स्वतः सांगेना.

तेव्हा जावईबापूंचा फोन आला. ‘‘मामा, मी उद्या रजा काढून बोईसर ग्रामपंचायतीत जाऊन येतो, नाव घालून आणतो.’’ मी म्हटलं, ‘‘जाऊ नका.’’

इथे आमच्या भागातली गंमत सांगायला हवी. जन्माची नोंद मुलाबरोबर फिरत नाही. मूल जिथे जन्मलं तिथल्याच निबंधकाकडे ती कायमची राहते. आईबाप कुठे राहतात, मतदान कुठे करतात, घरपट्टी कुठे भरतात याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात ‘जिथे जन्मलं’ हे शब्द वाटतात तेवढे साधे नाहीत. तारापूर एमआयडीसी म्हणतात ती बोईसरला आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्रातल्या माणसांची टॅप्स कॉलनीही बोईसरचीच म्हणून ओळखली जाते. खुद्द तारापूर गाव आपला किल्ला घेऊन समुद्रकाठी वेगळंच बसलं आहे. बरं, बोईसर तरी एक आहे का? रस्त्याच्या या बाजूला बोईसर ग्रामपंचायत, थोडं पुढे गेलं की सरावली, तिकडे खैरापाडा, पलीकडे पास्थळ. दवाखान्याच्या पाटीवर सगळीकडे ‘बोईसर’च लिहिलेलं, कारण पेशंटला रिक्षाने यायचं असतं आणि रिक्षावाल्याला बोईसर कळतं. पण इमारत सरावलीच्या हद्दीत असेल तर नोंद सरावलीच्या दप्तरात. जावईबापूंच्या शेजाऱ्यांनी मुलाच्या नोंदीसाठी आधी बोईसरचं दप्तर पालथं घातलं, तिथे सापडेना म्हणून नोंद झालीच नाही असं समजून उशिरा नोंदणी करायला निघाले. ते प्रकरण फार मोठं. वर्ष उलटल्यावर नवी नोंद हवी तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. त्यांचं नशीब की कुणीतरी सांगितलं, अहो, दवाखान्याची पाटी वाचू नका, दाखल्यावर निबंधकाचा शिक्का कुठला आहे तो वाचा. दाखला नसेल तर दवाखान्यालाच विचारा, खबर कुठे दिली होती.

तलासरी-डहाणूकडच्या ज्यांनी बाळंतपणासाठी वापी गाठली, त्यांचा प्रश्न आणखी पुढचा. मूल महाराष्ट्रातलं, नोंद गुजरातेत. नाव घालायला तिकडेच जायचं, आणि तिथल्या नियमाने घालायचं.

आमचं त्या मानाने सोपं होतं. शिक्का पालघर नगरपरिषदेचा. म्हणजे बोईसरहून गाडीत बसायचं, मध्ये उमरोळी, की पालघर. सासरच्या मुलीचं नाव माहेरच्या गावात घालायला जावईबापू आले ते चेहऱ्यावर किंचित पराभव घेऊन.

दाखला हातात घेऊन मी आधी त्यांना दुसरी एक तारीख दाखवली. दाखल्यावर तारखा एकापेक्षा जास्त असतात. जन्माची एक, नोंदणीची वेगळी, दाखला दिला ती आणखी वेगळी. नाव घालायची मुदत जन्मापासून मोजत नाहीत, बारशापासून तर मुळीच नाही. ती नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. त्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव कळवलं तर काहीही शुल्क नाही. १२ महिने उलटले तर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. महाराष्ट्राच्या २००० सालच्या नियमांत हे शुल्क किती होतं? पाच रुपये. बारशाला नुसत्या घुगऱ्यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला होता. जावईबापूंना मात्र ‘विलंब’ हा शब्द लागला. ते म्हणाले, ‘‘विलंब आमचा नाही, गुरुजींचा.’’

कायद्याचं कलम १४ या बाबतीत वाचण्यासारखं आहे. नोंद नावाशिवाय झाली असेल तर आईबापांनी किंवा पालकाने ठरलेल्या मुदतीत निबंधकाला नाव कळवावं, तोंडी किंवा लेखी. मग निबंधकाने ते नोंदवहीत लिहावं आणि त्यापुढे आद्याक्षरी सही करून तारीख घालावी. तोंडी! म्हणजे १९६९च्या संसदेला कानात नाव सांगण्याची पद्धत मान्य होती, फक्त कान निबंधकाचा हवा. आणि सांगणारी आत्या चालत नाही. आई, बाप, नाहीतर पालक. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या, आणि त्या गप्प असतात तेव्हा घरातले बाकीचे अस्वस्थ होतात.

तोंडी चालतं हे खरं असलं तरी कार्यालयात कुणी तोंडावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. अर्ज लागतो, आईबापांची ओळखपत्रं लागतात, मूळ कोरा दाखला लागतो. हा मूळ दाखला विसरू नये. नियमच म्हणतो की आधी दिलेला उतारा निबंधकापुढे ठेवायचा म्हणजे त्यावरही नावाचा शेरा मारता येतो. भाचीने तो कौतुकाने लॅमिनेट करून ठेवला होता. कोऱ्या नावाचा दाखला असा प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला पाहून खिडकीतल्या बाईंनी एकदा दाखल्याकडे, एकदा भाचीकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत. अर्जावर दोघांच्या सह्या मागितल्या. कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करणारा बाप आणि दोन वर्षांची लेक सांभाळून नोकरी करणारी आई एका वेळी एका खिडकीपाशी उभी करणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम. नाव त्यामानाने लवकर ठरलं. तिन्ही पक्षांनी माघार घेऊन चौथं नाव स्वीकारलं, ते ‘ज्ञानदा’. पणजीने सुचवलेलं. पणजीशी भांडायची कुणाची छाती झाली नाही.

आणि मग ‘ज्ञ’ आडवा आला.

हल्ली या नोंदी केंद्र सरकारच्या संगणक प्रणालीत होतात आणि दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही लिप्यांत छापलं जातं. एका लिपीत टाइप केलं की दुसरीतलं यंत्र सुचवतं. बाईंनी ‘ज्ञानदा’ टाइप केलं आणि पडद्यावर शेजारी आलं, Gyanada. जावईबापू म्हणाले, ‘‘बरोबर आहे की.’’ बोईसरच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश-बिहारची माणसं बरोबर असतात, त्यांच्या कानाला हे बरोबरच. भाची म्हणाली, ‘‘ज्ञानेश्वर कसा लिहितात? Dnyan. मग Dnyanada.’’ शेजारी उभे असलेले एक गुजराती गृहस्थ, ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता, ते म्हणाले, आमच्यात ‘Gna’ लिहितात. खिडकीपाशी भाषावार प्रांतरचना पुन्हा सुरू व्हायची चिन्हं दिसू लागली.

त्या बाईंनी मात्र एक फार शहाणपणाचं काम केलं. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, ‘‘एक-एक अक्षर मोठ्यांदा वाचा. मी मंजूर केल्यावर मग माझ्या हातात नाही.’’ हे शब्दशः खरं आहे. कोऱ्या जागी नाव घालणं हे कलम १४चं काम. ते एकदाच होतं. एकदा नाव बसलं की पुढे अक्षर जरी बदलायचं झालं तर ते कलम १५चं काम, म्हणजे दुरुस्ती. आणि दुरुस्तीला चूक झाल्याचा पुरावा लागतो. मन बदललं हा पुरावा होत नाही. शिवाय दुरुस्तीतही मूळ नोंद खोडत नाहीत. मूळ तशीच ठेवून समासात नवी नोंद करतात. कोऱ्या जागेला काही सिद्ध करावं लागत नाही, भरलेल्या जागेला सगळं सिद्ध करावं लागतं. म्हणून घाईने काहीतरी लिहून टाकण्यापेक्षा आमच्या घराने दोन वर्षं भांडून जागा कोरी ठेवली, ते एका परीने कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच झालं. मी हे मुद्दाम गुरुजींच्या पक्षाला सांगितलं नाही.

आणखी एक पेच होता. चौकटीत नुसतं ‘ज्ञानदा’ लिहायचं, की बापाचं नाव आणि आडनाव जोडून? जुन्या दाखल्यांवर नुसतं पाळण्यातलं नाव असे, कारण आईबापांसाठी वेगळे रकाने आहेतच. त्या दाखल्यांवरून पुढे पासपोर्ट काढताना आडनाव कुठून आलं याची उत्तरं देत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात १ मे २०२४ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. आमची चिऊ त्याच्या आधीची, म्हणून तो प्रश्न सुटला. नाहीतर आणखी एक बैठक घ्यावी लागली असती. आधार अजून काढलेलं नव्हतं हे इथे पथ्यावर पडलं. नाहीतर आधारवर एक, इथे दुसरं, आणि शाळेत तिसरं अशी पुढच्या तीस वर्षांची तजवीज झाली असती. आम्ही पूर्ण नाव घातलं, इंग्रजीत Dnyanada, आणि पाच-सहा जणांनी मिळून ते मोठ्यांदा वाचलं. त्या गुजराती गृहस्थांनीही.

नवा दाखला क्यूआर कोडसकट छापून आला. जन्मतारीख तीच, नोंदणी क्रमांक तोच, नोंदणीची तारीखही तीच. नुसती मधली जागा भरलेली. हेही तपासून घ्यावं. नाव घातल्यावर नोंदणी क्रमांक बदलून आला तर नाव जुन्या नोंदीत घातलेलं नाही, एका मुलाच्या दोन नोंदी झालेल्या आहेत, आणि ते निस्तरणं सोपं नसतं.

या सगळ्याची वार्ता गल्लीत पसरली आणि एका संध्याकाळी आमच्याकडचे एक काका कोपऱ्या-कोपऱ्याला झिजलेला कागद घेऊन आले. काकांचा जन्म १९७४चा, तारापूरजवळच्या एका खेड्यातला. तो काळच मजेशीर. ज्या १९६९ साली हा नोंदणीचा कायदा झाला त्याच वर्षी ऑक्टोबरात, हाकेच्या अंतरावर, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तारापुरात अणू फुटत होता आणि शेजारच्या पाड्यावर पोरांची नावं लिहायची राहत होती. त्याआधी तर कोतवाल बुकात नोंद असे ती बहुधा ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढीच. मुलाला स्वतःचं नाव असणं ही दप्तराच्या लेखी गौण बाब. काकांच्या कागदावरही बापाचं नाव होतं, तारीख होती, आणि नाव नाही. पन्नाशी पार करेपर्यंत अडलं नाही, आता मुलाकडे परदेशी जायचं तर पासपोर्टसाठी जन्मदाखला शोधला आणि हे निघालं.

मी पहिला प्रश्न विचारला, ‘‘काका, रकाना खरंच कोरा आहे ना?’’ कारण पुष्कळ जुन्या नोंदींत कोरा नसतो. लिहिणाऱ्याने घरातून ऐकू आलेली हाक लिहून टाकलेली असते. बारक्या, बाळ्या, दगडू. मग तो मनुष्य शाळेत सुरेश आणि दप्तरात बारक्या, आणि त्याचं प्रकरण कलम १४च्या सोप्या वाटेने जात नाही. काकांचा कोरा होता. देव पावला.

पण १५ वर्षं? जुन्या नोंदींसाठी २०००च्या नियमांनी ती १५ वर्षं नियम लागू झाल्यापासून मोजायला सांगितली होती. तीही संपली. मग सरकारने मुदत वाढवली, १४ मे २०२० पर्यंत. आणि आणखी एका वाढीने ती २७ एप्रिल २०२६ पर्यंत नेली. अशी दारं अधूनमधून उघडतात आणि मिटतात. काकांना ती उघडी असताना सापडली. शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याकडे होता, त्यावरचं बापाचं नाव आणि जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीशी जुळत होती. नुसतं नाव जुळून भागत नाही. तारीखही जुळावी लागते, आणि त्या पिढीच्या शाळेतल्या तारखा गुरुजींनी १ जूनच्या आसपास बसवलेल्या असतात. काकांची तारीख खरी निघाली, हा दुसरा चमत्कार.

अर्ज मीच भरून दिला. सगळं झालं, एक ओळ उरली. अर्ज मुळात तान्ह्या बाळाच्या आईबापांसाठी छापलेला, त्यामुळे त्यात ‘अर्जदाराचे बालकाशी नाते’ अशी ओळ होती. काकांनी चष्मा पुसला, पेन माझ्या हातातून घेतलं आणि बराच विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मीच ते बालक.’

दुसऱ्या दिवशी खिडकीत ते खोडून ‘स्वतः’ लिहायला सांगितलं.